एकच्या आतला आकडा आणि समुद्री कासवांचं भवितव्य

१९८७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात डेबोरा क्राउझ, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या तिघांचा एक निबंध आला. विषय होता अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरची लॉगरहेड जातीची समुद्री कासवं. मूळ निरीक्षणं प्रामुख्याने जॉर्जिया राज्यातल्या लिटल कंबरलँड या बेटावर जमवलेली होती. निबंधाचा सारा भार एका आकड्यावर होता : ०.९४५. हा आकडा एकहून कमी असल्यामुळे, आहे तसं चालू राहिलं तर ही कासवं संपणार, हे गणिताने स्पष्ट सांगितलं. संवर्धनाची मेहनत चुकीच्या जागी खर्च होते आहे, हे त्याहून महत्त्वाचं निदानही त्याच गणितातून निघालं. कोकणात वेळासपासून अनेक गावं आज कासवांची अंडी जपतात, म्हणून हे गणित मराठी वाचकाने एकदा नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

एकदम सोप्यापासून सुरुवात करू. दरवर्षी एकदा मोजणी होते आणि यंदाच्या संख्येला ठरावीक आकड्याने गुणलं की पुढच्या वर्षीची संख्या मिळते, असं समजा. सूत्रात लिहायचं तर :

x(n+1) = a · x(n)

येथे काळ सलग वाहत नाही. तो वर्षावर्षाच्या पायऱ्यांनी पुढे सरकतो. अशा पायरीपायरीने बदलणाऱ्या व्यवस्थेचं पुढे काय होणार, हे सगळं त्या a वर ठरतं. a ची किंमत ०.९ असेल तर हजाराचे नऊशे, नऊशेचे आठशे दहा, असं करत संख्या शून्याकडे जाते. १.१ असेल तर वाढतच राहते. a ऋण असेल, समजा –०.९, तर उत्तर एकदा धन, एकदा ऋण असे हेलकावे खातं, पण प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि शेवटी तेही शून्यावरच येतं. –१.१ असेल तर हेलकावे दरवेळी मोठे होत जातात. म्हणजे चिन्ह कोणतं याने प्रवासाची चाल बदलते. प्रवास कुठे संपणार ते मात्र आकड्याच्या केवल मूल्यावर, चिन्ह बाजूला ठेवून उरणाऱ्या मापावर ठरतं. ते एकच्या आत असेल तर व्यवस्था शून्यावर स्थिरावते, बाहेर असेल तर शून्यापासून दूर पळते.

कासवाचं गणित एवढं सोपं नाही, कारण सगळी कासवं सारखी नसतात. वाळूतल्या अंड्याचं नशीब वेगळं आणि तीस वर्षांच्या मादीचं वेगळं. म्हणून निबंधकारांनी कासवाच्या आयुष्याचे सात टप्पे पाडले. पहिल्या वर्षाची अंडी-पिल्लं, एक ते सात वर्षांची लहान कासवं, आठ ते पंधरा वर्षांची मोठी पण अपरिपक्व कासवं, सोळा ते एकवीसची वयात येऊ लागलेली, बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालणाऱ्या माद्या, त्याच्या पुढल्या वर्षातल्या माद्या, आणि चोवीसपासून पुढच्या प्रौढ माद्या.

मग प्रत्येक टप्प्यासाठी दोन गोष्टी हव्यात. वर्षभरात जगून त्याच टप्प्यात राहणारी किती आणि जगून पुढच्या टप्प्यात जाणारी किती. लहान कासवांपैकी ०.७३७ हिस्सा वर्षाअखेर त्याच टप्प्यात असतो, ०.०४८६ हिस्सा वरच्या टप्प्यात जातो आणि उरलेली मरतात. माद्यांच्या बाबतीत अंड्यांचा आकडाही लागतो. पहिल्यांदा येणाऱ्या मादीमागे १२७, लगेच पुढच्या वर्षी अवघी ४, कारण लागोपाठ दोन वर्षं अंडी घालणाऱ्या माद्या फार थोड्या, आणि प्रौढ मादीमागे वर्षाला सरासरी ८०. हे सारे आकडे सात ओळी आणि सात स्तंभांच्या चौकटीत मांडले की मॅट्रिक्स तयार होतो. यंदाच्या सात टप्प्यांतल्या संख्यांवर तो चालवायचा, की पुढच्या वर्षीच्या सात संख्या हाती येतात. एका a ची जागा आता एकोणपन्नास घरांनी घेतली, त्यांतली बरीचशी शून्य.

हजार वर्षं पुढचं पाहायचं तर हजार वेळा हा हिशेब करायचा का? तशी गरज पडत नाही. सात टप्प्यांचं एक असं खास प्रमाण सापडतं की त्या प्रमाणात कासवं असतील तर वर्षभराने प्रमाण तेच राहतं, फक्त सगळ्या संख्या एकाच आकड्याने गुणल्या जातात. तो आकडा म्हणजे त्या मॅट्रिक्सची एक आयगेनव्हॅल्यू. सात बाय सातच्या मॅट्रिक्सला अशा सात आयगेनव्हॅल्यू असतात, प्रत्येकीची आपली एक दिशा असते. आजची कासवं कोणत्याही प्रमाणात असोत, त्यांची मांडणी या सात दिशांची बेरीज म्हणून करता येते. दरवर्षी प्रत्येक दिशेचा वाटा तिच्या आयगेनव्हॅल्यूने गुणला जातो. n वर्षांनी तो आयगेनव्हॅल्यूच्या n व्या घाताने गुणलेला असतो. म्हणून सातही आयगेनव्हॅल्यूंची केवल मूल्यं एकच्या आत असतील तर सातही वाटे विरत जातात आणि सगळी व्यवस्था शून्यावर येते. एक जरी बाहेर असेल तर तो वाटा बाकी सगळ्यांना मागे टाकून फुगत जातो. सातांपैकी सहा आत असून भागत नाही.

लॉगरहेडच्या मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू ०.९४५. तिच्या दिशेतलं प्रमाण असं येतं : साधारण २१ टक्के अंडी-पिल्लं, ६७ टक्के लहान कासवं, साडेअकरा टक्के मोठी अपरिपक्व कासवं. वरचे चारही टप्पे मिळून एक टक्कासुद्धा भरत नाहीत. किनाऱ्यावर येणारी मादी एवढी दुर्मीळ असते, समुद्रात वाढणाऱ्या कासवांचा जमाव तिच्यामागे कितीतरी मोठा असतो.

दुसऱ्या क्रमांकावर एकट्या आयगेनव्हॅल्यूऐवजी संमिश्र संख्यांची जोडी आहे, अंदाजे ०.७४६ आणि त्याला अधिक-उणे ०.२१३i. संमिश्र संख्येचं केवल मूल्य म्हणजे आलेखावर शून्यापासून तिचं अंतर. ०.७४६ आणि ०.२१३ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.७७६ मिळतं. ‘एकच्या आत’ याचा नेमका अर्थ इथे कळतो : आयगेनव्हॅल्यू एक त्रिज्येच्या वर्तुळाच्या आत हवी. ती सरळ रेषेवर असो वा नसो. अशी जोडी संख्येत लाटा आणते. या जोडीची एक लाट पुरी व्हायला सुमारे साडेबावीस वर्षं लागतात, जवळपास अंड्यापासून पहिल्या वेतापर्यंतचा काळ. एखाद्या वर्षी फार पिल्लं झाली तर त्याचा पडसाद दोन दशकांनी माद्यांच्या संख्येत उमटतो, तो याच मार्गाने. पण दहा वर्षांत या लाटेची उंची आठ टक्क्यांवर येते. उरलेल्या चार आयगेनव्हॅल्यू याहून लहान आहेत आणि चार-सहा वर्षांतच दिसेनाशा होतात. मागे राहते ती ०.९४५ची संथ घसरण, वर्षाला साडेपाच टक्के. बारा वर्षांत कासवं निम्मी, पन्नास वर्षांत शंभरातली सहा.

घसरण शेवटी नक्की असली तरी सुरुवातीची काही वर्षं फसवी असू शकतात. याच मॅट्रिक्सवर एक हिशेब करून पाहू. एका किनाऱ्यावर फक्त शंभर प्रौढ माद्या आहेत, बाकी टप्पे रिकामे, अशी कल्पना करा. वर्षभराने ८,००० अंडी-पिल्लं आणि ८१ माद्या. दुसऱ्या वर्षी सगळी मिळून सुमारे ११,९००. तिसऱ्या वर्षी १३,९००, चौथ्या वर्षी १४,५००च्या घरात. आकडे पाहून कोणालाही वाटेल की कासवं भरभराटीला आली. पण त्याच चार वर्षांत प्रौढ माद्या शंभरावरून ८१, ६५, ५३ आणि ४३ अशा ओघळल्या आहेत. पाचव्या वर्षापासून एकूण आकडाही खाली वळतो. आयगेनव्हॅल्यू शेवटचा मुक्काम सांगते, वाटेतले चढउतार सांगत नाही. म्हणून दोन-चार हंगामांत घरटी वाढली एवढ्यावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. घसरणही कोणत्या टप्प्यात आहे ते पाहावं लागतं.

आता मूळ प्रश्न. ०.९४५ला एकच्या पलीकडे कसं न्यायचं? कासव-संवर्धनाचा भर तेव्हा किनाऱ्यावर होता. अंडी चोरांपासून आणि जनावरांपासून वाचवायची, कुंपणात उबवायची, पिल्लं समुद्रात सोडायची. काम डोळ्यांना दिसतं, हातांना करता येतं. मॅट्रिक्समध्ये पहिल्या टप्प्याच्या जगण्याचा आकडा ०.६७४७ आहे. तो १ करा, म्हणजे पहिल्या वर्षात एकही अंडं, एकही पिल्लू मरणार नाही असं माना. प्रत्यक्षात हे कधीच साधणार नाही. तरीही मोठी आयगेनव्हॅल्यू ०.९६५पर्यंतच चढते. एकच्या आतच.

दुसरीकडे मोठ्या अपरिपक्व कासवांचं, आठ ते पंधरा वर्षांच्या टप्प्याचं पाहा. तिथे वर्षाला जगण्याचं प्रमाण ०.६७५८ आहे, दर तीन कासवांतलं जवळपास एक मरतं. ते फक्त ०.७७पर्यंत नेलं, बाकी सगळं आहे तसं ठेवलं, तर मोठी आयगेनव्हॅल्यू १.००३च्या आसपास येते. आकडा वर्तुळाबाहेर पडतो आणि कासवांची घसरण थांबते.

कारण गुणाकारात आहे. पहिला टप्पा एका वर्षाचा. तिथला आकडा ०.६७४७वरून १ केला तरी फायदा जेमतेम दीडपट. मोठ्या कासवांचा टप्पा आठ वर्षांचा, म्हणजे तोच आकडा आठ वेळा गुणला जातो. ०.६७५८चा आठवा घात ०.०४३५. ०.७७चा आठवा घात ०.१२३६. वर्षाला दहा टक्क्यांहूनही कमी असलेल्या फरकाने तो टप्पा पार करणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट होते. मूळ आकड्यांप्रमाणे दहा हजार अंड्यांतून अंडी घालण्याच्या वयापर्यंत नऊच पोचतात. सगळी पिल्लं वाचवली तर तेरा. मोठ्या कासवांचं जगणं ०.७७वर नेलं तर सव्वीस.

आणि ती मोठी कासवं मरत कशाने होती? किनारपट्टीवर कोळंबी धरणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत. समुद्री कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकून राहिलं की ते बुडून मरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९०च्या अहवालाने कोळंबीची जाळी हेच माणसाकडून होणाऱ्या कासवमृत्यूंचं सर्वांत मोठं कारण ठरवलं. उपाय तयार होता. जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली सळ्यांची जाळीदार चौकट आणि तिच्यापाशी उघडणारी झडप. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते, कासव सळ्यांना आपटून झडपेतून बाहेर निसटतं. या साधनाला ‘टेड’ म्हणतात. अमेरिकेने १९८७मध्ये ते वापरण्याचे नियम काढले. त्यांच्यावरून मच्छीमारांशी मोठा संघर्ष झाला. दुसऱ्या देशांतूनही टेड न वापरता धरलेली कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा १९८९ साली झाला. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८च्या निकालात अमेरिकेने कायदा राबवताना भेदभाव केला असा ठपका आला, कासवं वाचवण्यासाठी असे उपाय करायला मात्र मनाई झाली नाही.

टेड बसवूनही एक चूक राहिली होती आणि तीही मॅट्रिक्सच्या भाषेत कळते. सुरुवातीच्या झडपा इतक्या लहान होत्या की त्यातून मोठी लॉगरहेड बाहेर पडूच शकत नव्हती. ज्या वरच्या टप्प्यांत एकेक कासव सर्वांत मोलाचं, तिथेच साधन अपुरं पडत होतं. २००३मध्ये नियम बदलून झडपा मोठ्या करायला लावल्या.

या गणिताच्या मर्यादाही आहेत. मॅट्रिक्समधले आकडे दरवर्षी तेच राहतात, असं यात धरलेलं आहे. वादळाचं वर्ष आणि शांत वर्ष यांत फरक नाही. कासवं फार झाल्यावर अन्न किंवा जागा कमी पडेल हेही यात नाही, म्हणून आयगेनव्हॅल्यू १.००३ झाली याचा अर्थ कासवं अनंत वाढतील असा घ्यायचा नाही. लॉगरहेड बाविसाव्या वर्षी अंडी घालू लागते हा अंदाज पुढच्या अभ्यासांत बदलला, त्यांना वयात यायला याहून बराच जास्त काळ लागतो. त्याने नेमके आकडे सरकतात, पण मधल्या लांब टप्प्यांचं पारडं आणखी जड होतं, कारण गुणाकाराची वर्षं वाढतात. जिथे व्यवस्थेचे नियम सरळ गुणाकाराचे नसतात, तिथे समतोलाच्या अगदी जवळचे छोटे बदल मॅट्रिक्सने मांडतात आणि तोच एकच्या वर्तुळाचा निकष लावतात. समतोलापासून दूर गेल्यावर मात्र तो लागू पडत नाही.

‘स्थिर’ म्हटलं की चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. विमानाची स्वयंचलित नियंत्रणं असोत की विजेच्या जाळ्याचं गणित, तिथे अभियंत्याला सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकच्या आतच हव्या असतात, धक्का बसला तरी विचलन विरून जावं म्हणून. कासवांच्या बाबतीत जे विरतं ते कासवंच आहेत. शून्य हा इथे स्थिर मुक्काम आहे आणि आपल्याला तो अस्थिर करायचा आहे. निकष दोन्हीकडे तोच, फक्त आकडा वर्तुळाच्या कोणत्या बाजूला हवा हे आपण आधी ठरवायचं असतं.

आता कोकणात येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभं केलं. ते किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पोचलं. लॉगरहेडचे आकडे रिडलेला लावता येणार नाहीत, रिडले लहान आणि लवकर वयात येणारी जात आहे. पण मॅट्रिक्सची रचना तीच राहते. आणि या रचनेत वेळासच्या कामाचा भक्कम आधारही आहे. लॉगरहेडच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्या टप्प्याचं जगणं शून्य करून पाहा, म्हणजे सगळी अंडी माणसं आणि कुत्री घेऊन जातात असं समजा. मग मोठी आयगेनव्हॅल्यू ०.८०८९वर कोसळते. ती फक्त जुन्या माद्यांच्या जगण्याची उरलेली शिदोरी असते, दरवर्षी एक पंचमांश संपणारी. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी घरटी टिकतच नव्हती, तिथे अंडी राखणं ही पहिली अट आहे. ती पाळल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. पाळल्यावर मात्र उरलेला पल्ला समुद्रातच गाठावा लागतो, जाळ्यांत. किनाऱ्यावर सोडलेल्या पिल्लांची संख्या मोजून तो गाठता येत नाही.

त्यासाठी कोकणच्या रिडलेचं मॅट्रिक्स भरायला हवं आणि त्यातली अवघड घरं किनाऱ्यावरून भरता येत नाहीत, अपवाद एका मार्गाचा. वाहून आलेलं मेलेलं कासव कोणत्या टप्प्यातलं होतं हे त्याच्या पाठीच्या कवचाच्या लांबीवरून कळतं. क्राउझ आणि सहकाऱ्यांनीही टप्पे लांबीवरच बेतले होते. लॉगरहेडमध्ये ५८ ते ८० सेंटिमीटर म्हणजे तो आठ ते पंधरा वर्षांचा निर्णायक टप्पा. रिडलेसाठी सीमा वेगळ्या असतील, पण मोजण्याची पद्धत तीच. म्हणून कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर मेलेलं कासव दिसलं तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाला कळवा, महाराष्ट्रात असाल तर कांदळवन कक्षालाही. मानेपासून शेपटीकडच्या टोकापर्यंत कवच किती सेंटिमीटर होतं, जागा कोणती आणि तारीख काय, एवढं तरी त्यांच्या नोंदीत जाईल असं बघा.